पाठ टेकली की विचार सुरू होतात: झोपेआधीच्या दीड-दोन तासांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर डोळे जड असतात, पण दिवा मालवला की डोकं टक्क जागं होतं, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साध्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, अडचणीचे अपवाद शेवटी आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दिवसभर काही नसतं. मग नेमकं अंथरुणात पडल्यावरच सगळं का आठवतं?

दिवसा लक्ष वाटलेलं असतं. काम, बोलणी, रहदारी, फोन यांतून मनात अर्धवट राहिलेल्या गोष्टींना वर यायला फटच मिळत नाही. अंधारात पडल्यावर पहिल्यांदा सगळं शांत होतं आणि दिवसभर मागे ढकललेली प्रत्येक गोष्ट पुढे येऊन उभी राहते. म्हणजे अंथरूण ही त्या दिवसातली विचार करायची पहिली मोकळी जागा ठरते.

दुसरं कारण सवयीचं आहे. असं महिनोन्‌महिने झालं की अंथरूण आणि जागं राहून विचार करणं यांची गाठ पक्की बसते. याची खूण ओळखायला सोपी आहे. सोफ्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते, पण उठून अंथरुणात गेलं की झोप उडते. ही गाठ सोडवायची पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरली जाते. प्रश्न ८ मधली सूचना तिथूनच आली आहे.

म्हणून झोपेआधीच्या दिनक्रमाची कामं दोन. विचारांना अंथरुणाच्या आधी आणि अंथरुणाबाहेर जागा द्यायची, आणि अंथरुणाची झोपेशी पुन्हा ओळख करून द्यायची. दिनक्रमाने झोप आणता येत नाही, तिच्या वाटेतले अडथळे काढता येतात. हा फरक लक्षात राहिला नाही तर काय होतं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

२. सुरुवात किती वाजता करायची आणि कोणत्या क्रमाने?

आधी उठायची वेळ ठरवा, झोपायची नंतर. समजा रोज सकाळी ६:३० ला उठायचं आहे आणि झोप साधारण ११ च्या सुमाराला यावी असं वाटतं. मग संध्याकाळ अशी बसते:

९:०० ते ९:२० टेबलाशी बसून काळजीचा कागद (प्रश्न ३). ९:२० ते ९:४५ हातातली कामं बंद करणं: पिशवी भरणं, कपडे काढून ठेवणं, गजर लावणं, मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावणं. त्यानंतर जमलं तर १० मिनिटं गरम पाण्याने अंघोळ. मग ११ पर्यंत मंद उजेडात काहीतरी शांत काम. डोळे मिटायला लागले की अंथरूण.

या क्रमाला कारण आहे. कागद सगळ्यात आधी येतो, कारण काळजीबद्दल लिहिताना मन थोडं तापतंच आणि ते निवायला दीडेक तास लागतो. अंघोळ झोपेआधी एक ते दोन तास हवी आणि पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचं. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त वाढतं, तिथून उष्णता बाहेर जाते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. झोप त्या उतारावर लागते. अगदी झोपायच्या क्षणी अंघोळ केली तर अंगातली ऊब उतरायला वेळच मिळत नाही. अंघोळ शक्य नसेल तर ती सोडून द्या, कागद मात्र सोडू नका.

३. कागदावर नक्की काय लिहायचं?

साधा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे डोक्यात घोळणाऱ्या गोष्टी, एकेका ओळीत. उजवीकडे प्रत्येक गोष्टीसमोर पुढचं एकच पाऊल: काय, कधी, कुठे. संपूर्ण उपाय लिहायचा नाही. १५ ते २० मिनिटांचा गजर लावून बसा आणि तो वाजला की थांबा.

एक भरलेला कागद बघू. डावीकडे चार ओळी आहेत.

पहिली ओळ: “अहवाल अर्धवट आहे.” उजवीकडे आधी लिहिलं गेलं, “अहवाल पूर्ण करणे.” हे पाऊल नाही, तीच काळजी दुसऱ्या शब्दांत लिहिली आहे. रात्री ती जशीच्या तशी परत येणार. खोडून लिहिलं: “सकाळी ९ वाजता हिशेब विभागाला फोन करून मार्चचे आकडे मागायचे. ९:३० ला फक्त तिसरा तक्ता भरायचा.” आता मनाला त्याची राखण करत बसावं लागत नाही.

दुसरी ओळ: “आईच्या तपासणीचा रिपोर्ट काय येईल?” यावर आज करण्यासारखं काही नाही, आणि तेच उजवीकडे स्पष्ट लिहायचं: “रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी मिळेल. तोवर माझ्या हातात काही नाही. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न मागच्या बाजूला लिहिले.” जी गोष्ट हातात नाही, तिच्याभोवती एखादं छोटंसं काम हातात असू शकतं.

तिसरी ओळ: “दुपारी मी तिला उगाच तोडून बोललो.” घडून गेलेली गोष्ट अशीच फिरत राहते. उजवीकडे: “उद्या जेवणाच्या सुट्टीत भेटून सांगायचं की काल चुकलं.” वाक्य मनात जुळवून ठेवायची गरज नाही, वेळ ठरली की पुरे.

चौथी ओळ: “काहीच नीट चाललेलं नाही.” या ओळीपाशी बहुतेकजण अडतात. इतक्या मोठ्या वाक्यासमोर पाऊल लिहिता येत नाही. अशा वेळी विचारायचं, आज असं वाटायला नेमकं काय घडलं? उत्तर निघालं, “घराचा करार दोन महिन्यांत संपतोय आणि मालक काही बोलत नाही.” त्याला पाऊल आहे: “शनिवारी सकाळी मालकाला फोन.” तरीही वाक्य फुटलं नाही तर त्यासमोर आठवड्यातली एक वेळ लिहा, “रविवारी ११ वाजता अर्धा तास यावर,” आणि ती वेळ खरोखर पाळा. दोनदा टाळली तर त्या नोंदीवर मनाचा विश्वास बसणार नाही.

लिहून झालं की कागदाची घडी घालून तो झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. उद्या तो तिथेच सापडेल, इतकं मनाला ठाऊक असावं.

४. काळजीचा कागद आणि उद्याच्या कामांची यादी एकच का?

नाही, आणि दोन्हींच्या वेळाही वेगळ्या. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेच्या प्रयोगशाळेत दिवा मालवण्याआधी निम्म्यांनी पाच मिनिटं पुढच्या काही दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, उरलेल्यांनी करून झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारीक तपशिलाची, तितकी झोप लवकर. हा एकच प्रयोग होता आणि त्यातले तरुण निरोगी होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

पण ढोबळ नियम करता येतो. मनात घर करून बसलेल्या, भावना जागवणाऱ्या गोष्टी दीड-दोन तास आधी लिहायच्या. “गॅस बुक करणे, वीजबिल, दाताच्या डॉक्टरची वेळ घेणे” असल्या कोरड्या कामांची यादी अगदी झोपेच्या तोंडावरही चालते.

५. मोबाइलमध्ये लिहिलं तर नाही का चालणार?

नोंद उतरेल, पण त्याच पडद्यावर कामाचे मेसेज आणि बातम्याही असतात, आणि एक जरी दिसला तरी डावीकडे पाचवी ओळ वाढते. कागदच बरा. हाताने लिहिणं अवघड जात असेल तर फोन विमान मोडवर टाकून बोलून नोंद करा.

६. लिहायला बसलो की विचार उलट वाढतात. मी चुकतोय का?

पहिले तीन-चार दिवस असं होतं, कारण टाळलेल्या गोष्टी एकदम समोर येतात. त्यानंतरही होत असेल तर कागद तपासा. डावी बाजू गच्च भरलेली आणि उजवी कोरी असेल तर काळजीचीच नक्कल होते आहे. डावीकडे जास्तीत जास्त पाच ओळी ठेवा आणि पहिल्या ओळीची उजवी बाजू भरल्याशिवाय दुसरी लिहू नका. “असं का झालं?”, “मीच असा का?” ही वाक्यं दिसली तर ती “आता काय?” मध्ये बदला. ‘का’ला रात्री तळ लागत नाही, ‘काय’ला लागतो.

तरीही त्रास होत असेल तर कागद संध्याकाळी ६ किंवा ७ वाजता हलवा. लिहिताना जुन्या आघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील तर हा कागद थांबवा आणि प्रश्न १३ वाचा.

७. पाठ टेकल्यावरही विचार आलेच, तर त्यांना थांबवायचं कसं?

थांबवायचं नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं की तेच अस्वल पुन्हा पुन्हा मनात येतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात दाखवलं होतं. “आता विचार नको” असं स्वतःला बजावणं हेही एक कामच आहे आणि ते जागं ठेवतं.

त्यापेक्षा मनाला दुसरी चित्रं द्या. कॅनडातले संशोधक लूक बोदवँ यांनी सुचवलेली एक पद्धत मराठीत छान जमते. भावना न जागवणारा एक शब्द घ्या, समजा ‘खिडकी’. पहिलं अक्षर ख. त्यापासून सुरू होणारी एक वस्तू आठवा, खडू, आणि पाच-सात सेकंद ती डोळ्यांसमोर आणा: पांढरा, टोक झिजलेला, बोटांना भुकटी लागलेली. मग खार, खुर्ची, खांब. काना-मात्रा कुठलीही चालते. ख संपला की ड: डबा, डोंगर, डफ. मग क: कंदील, कासव, कुलूप. चित्रांचा एकमेकांशी संबंध नसावा. झोप लागताना मन असंच तुटक चित्रांतून फिरतं, आणि सलग गोष्ट नसली की काळजीला धागा सापडत नाही.

यात एक चूक सर्रास होते. शब्द भरभर मोजले जातात, चित्र काढलंच जात नाही, आणि भेंड्यांसारखी चुरस सुरू होते. वेग कमी ठेवा. मधेच ऑफिस आठवलं तर रागावू नका, ज्या अक्षरावर होतात तिथे परत या. अक्षर विसरलात तर उत्तमच, नवा शब्द घ्या.

८. झोप येत नाही तर किती वेळ पडून राहायचं?

अंदाजे २० मिनिटं, पण घड्याळ बघून नाही. ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. खरी खूण म्हणजे चिडचिड: “अजून नाही लागली” असं मनात आलं, कूस बदलणं वाढलं, की उठा. शक्य तर दुसऱ्या खोलीत जा, नाहीतर त्याच खोलीत खुर्चीवर बसा. ही जागा आधीच तयार हवी: मंद दिवा, पांघरूण, आधी वाचलेलं एखादं पुस्तक. रात्री दोन वाजता शोधाशोध करावी लागली तर माणूस उठतच नाही, किंवा फोन हातात घेतो.

परत केव्हा जायचं? झोप आल्यावर. थकवा आणि झोप यांत गल्लत होते. अंग दुखणं, कंटाळा, डोकं जड होणं हा थकवा. पापण्या मिटणं, मान कलणं, तीच ओळ तिसऱ्यांदा वाचणं ही झोप. नुसत्या थकव्यावर परत गेलात तर पुन्हा तेच. एका रात्रीत तीनदा उठावं लागलं तरी हरकत नाही, फक्त सकाळची वेळ तीच ठेवा.

तोल जाणारे, वयस्क, गरोदर किंवा रात्री चक्कर येणारे यांनी उठून फिरू नये. अंथरुणातच उशीला टेकून बसावं, मंद दिवा लावावा आणि झोप आल्यावर आडवं व्हावं.

९. श्वासाकडे लक्ष दिलं की माझी धडधड वाढते. मग ध्यान कसं करू?

करू नका. काहींना शरीराकडे लक्ष दिलं की उलट बेचैनी येते, ते सर्वज्ञात आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. त्याऐवजी अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची स्नायू आवळून सोडण्याची पद्धत करा. पाऊल, पिंडरी, मांडी, पोट, मूठ, खांदे, चेहरा या क्रमाने एकेक भाग पाच ते सात सेकंद आवळा, मग वीस-तीस सेकंद सैल सोडा. आवळताना अर्धाच जोर लावा, पूर्ण लावला की पिंडरीत गोळा येतो. दुखरा भाग वगळा. हे अंथरुणाबाहेर, खुर्चीवर शिका. आठवडाभर सरावल्यावर अंथरुणात करा.

१०. पहाटे तीनला जाग येते आणि चक्र सुरू होतं. तेव्हा कागद काढू का?

नको. रात्री मधे जाग येणं सगळ्यांनाच असतं, ती लक्षात राहते ती विचार सुरू झाले म्हणून. तेव्हा बसून उपाय शोधले की पहाटे तीन ही कामाची वेळ ठरते. एखादी गोष्ट खरंच विसरायची भीती असेल तर उशाच्या चिठ्ठीवर एक शब्द लिहा, बाकी प्रश्न ७ आणि ८. रोज याच सुमाराला जाग येत असेल तर संध्याकाळचं मद्यही तपासा. त्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते.

११. माझं कामच रात्री साडेदहाला संपतं. दीड तास आणू कुठून?

वीस मिनिटांत बसेल असा दिनक्रम करा. काळजीचा कागद दुपारच्या सुट्टीत हलवा. घरी आल्यावर पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी, पाच मिनिटं हातपाय धुणं आणि कपडे बदलणं, दहा मिनिटं मंद उजेडात वाचन. तेवढ्याने झोप आली नाही तर उशिरा आडवं व्हा. अंथरुणात सहा तास आणि त्यातले साडेपाच झोपेचे, हे अंथरुणात आठ तास आणि तेवढ्याच झोपेपेक्षा बरं.

चहा-कॉफीचंही याच वेळी बघा. कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. संध्याकाळी ६ चा कप ११ वाजता निम्मा शिल्लक असतो.

१२. दहा दिवस सगळं नीट केलं, तरी फरक नाही. कुठे चुकतंय?

बहुधा या तीनपैकी एका ठिकाणी. रात्री नीट झोप झाली नाही म्हणून सकाळी दोन तास जास्त लोळणं, त्याने पुढच्या रात्रीची झोपेची भूक मरते. दमलोय म्हणून साडेनऊलाच अंथरूण धरणं. किंवा दिनक्रमाचाच कसून प्रयत्न करणं: कागद झाला, अंघोळ झाली, आता झोप आली पाहिजे! दर पायरीनंतर “येतेय का?” असं तपासलं की दिनक्रम हीच नवी काळजी होते. तसं झालं तर तो तीन गोष्टींवर आणा, कागद, मंद उजेड आणि झोप आल्यावरच अंथरूण, आणि बाकी सगळं आठवडाभर बंद.

दोन आठवडे रोज सकाळी एक ओळ लिहा: अंदाजे किती वाजता आडवं झालात, किती वेळाने लागली, किती वाजता उठलात. अंदाजच पुरे. पहिल्या आठवड्यात उठण्या-बसण्यामुळे झोप थोडी घटते, म्हणून निकाल चौदाव्या दिवशी बघा.

१३. डॉक्टरकडे कधी जायचं?

आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री, तीन महिने असं चालू असेल तर हा दीर्घकालीन निद्रानाश आहे. त्यावरचा पहिला उपाय गोळी नव्हे, निद्रानाशासाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी तशीच शिफारस केली. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून एकदम बंद करू नका.

काही वेळा मात्र तीन महिने थांबायचं नाही. झोप तीन-चार तासच होते, तरी उत्साह ओसंडतो, विचार आणि बोलणं दोन्ही सुसाट, खर्च बेफाम: हे उन्मादाचं लक्षण असू शकतं, लगेच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. आघाताची दृश्यं, पाय हलवल्याशिवाय न राहवणं, घोरताना गुदमरणं यांनाही हा दिनक्रम पुरणार नाही.

सुट्टीत रात्री दोनला आडवं झालं की झोप लगेच लागते, अशी स्थिती असेल तर दोष विचारांचा नसून शरीराचं घड्याळच उशिराच्या वेळेकडे सरकलेलं असू शकतं. त्याचा उपाय वेगळा, झोपतज्ज्ञांना विचारा.

१४. उद्या मुलाखत आहे. आज लवकर झोपू का?

नको. रोजच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जागं असतं. ११ ला झोपणारा ९ ला आडवा झाला तर दोन तास मुलाखतीची उत्तरं घोकत पडेल. रोजचाच दिनक्रम ठेवा, काळजीचा कागद फक्त दुपारी उरका, आणि सकाळसाठी दोन गजर लावा, म्हणजे “उठलोच नाही तर?” ही ओळ लिहायला उरत नाही.